कपड्यांची पावडर, पावसाळा आणि घरातलं रांगतं मूल

जूनच्या अखेरीस किनारपट्टीवरच्या बहुतेक घरांत कपड्यांच्या पावडरीचं एक तरी ढेकूळ सापडतं. चमचा आत जात नाही, डबा लादीवर आपटावा लागतो, मग एक मोठा गोळा सुटतो आणि तो कुणीतरी लाटण्याने ठेचत बसतं. अशा वेळी ठेचायच्या आधी ढेकूळ डब्यात नेमकं कुठे झालंय ते पाहावं, कारण त्यावरून ओल कुठून आली ते कळतं. वरच्या थरावर पापुद्र्यासारखी साय धरली असेल तर झाकण नीट बसत नाही. तळाशी थर दगडासारखा घट्ट झाला असेल तर डबा थंड, ओलसर लादीवर ठेवलेला आहे. चमचा जिथे रुतवून ठेवतो तिथेच गोळा झाला असेल तर चमचा ओला होता. आणि बोटाने दाबल्यावर सहज भुगा होणाऱ्या गाठी सगळीकडे असतील तर ती ओल नव्हेच. पिशव्या एकमेकींवर रचल्यामुळे पावडर फक्त दाबली गेलेली आहे. तिची काळजी करायचं कारण नाही.

ओलीने झालेलं ढेकूळ इतकं कडक का होतं, हे पावडरीत काय असतं ते पाहिलं की कळतं. फेस आणि मळ काढणारा घटक पावडरीत असतो तो थोडाच. बाकीचा मोठा भाग असतो धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, आणि भर म्हणून घातलेलं सोडियम सल्फेट किंवा मीठ. स्वस्त पावडरीत या सोड्याचा आणि भरीचा वाटा जास्त असतो. कोरडा सोडा पाण्याला नुसता भिजत नाही, तो पाण्याला आपल्या स्फटिकात जागा देतो. हे पाणी धरताना थोडी उष्णताही बाहेर पडते. ओल्या तळहातावर पावडर घेतली की किंचित ऊब जाणवते ती त्यामुळेच. हवेतली ओल मिळाली की कणांचा पृष्ठभाग थोडा विरघळतो, शेजारच्या कणाला चिकटतो आणि कोरडा होताना दोघांमध्ये स्फटिकाचा पूल तयार होतो. असे हजारो पूल झाले की त्याचं ढेकूळ होतं.

त्यात तापमानाचा एक खेळ आहे. सोडा आणि सोडियम सल्फेट यांचे भरपूर पाणी धरलेले स्फटिक साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास ते पाणी सोडू लागतात. थंड झालं की पुन्हा धरतात. दिवसा मशीनच्या किंवा गीझरच्या शेजारी ३३-३४ अंश, रात्री २६ अंश, असं रोज घडत राहिलं आणि पावडरीत ओल पुरेशी असली, तर तीच पावडर रोज थोडी सुटते आणि रोज आणखी घट्ट बसते. म्हणून मशीनच्या मागच्या कोपऱ्यातला डबा कपाटातल्या डब्यापेक्षा लवकर दगड होतो.

पापड सादळला तर निखाऱ्यावर धरून पुन्हा कुरकुरीत करता येतो, पावडरीचं तसं नाही. ढेकूळ उन्हात ठेवून ते पुन्हा मोकळं होत नाही, वरून कोरडं दिसतं इतकंच. शिवाय महागड्या पावडरीत डाग काढणारी एन्झाइम आणि पांढरेपणासाठी ऑक्सिजन सोडणारा घटक असतो. दोघांनाही ओल लागली की ती डब्यातच कामाला लागतात आणि बादलीत पडेपर्यंत अर्धी संपलेली असतात. साबणाचा भाग मात्र टिकतो. म्हणून ढेकळाची पावडर फेस देते, कपडे साधारण निघतातही, पण भाजीचा किंवा रक्ताचा डाग तसाच राहतो.

आता ओल येते कुठून याचा हिशेब करू, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. पावसाळ्यात मुंबई-रत्नागिरीकडे ३० अंश तापमानाला हवा ८५ टक्के दमट असेल तर एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम पाण्याची वाफ असते. दहा लिटरचा डबा अर्धा रिकामा आहे असं धरा. झाकण उघडलं, आतली पाच लिटर हवा पूर्ण बदलली, तरी आत गेलेलं पाणी भरतं फक्त ०.१३ ग्रॅम, म्हणजे जेमतेम तीन थेंब. याउलट धुण्याच्या वेळी बादलीत बुडवलेला चमचा झटकून तसाच डब्यात ठेवला तर त्याच्या खोलगट भागात आणि दांड्यावर वीसेक थेंब सहज राहतात. हे एक ग्रॅम पाणी झालं, म्हणजे सात-आठ वेळा डबा उघडून आत येईल तितकं, आणि तेही सगळं एकाच जागी. ओला हात घातला तर त्याहून जास्त.

याचा अर्थ डबा उघडल्याने पावडर बिघडते हा समज खरा नाही. बिघडवतात दोन गोष्टी. एक म्हणजे ओला चमचा किंवा ओला हात. दुसरी म्हणजे न लागणारं झाकण. उघडं राहिलेलं पाकीट किंवा सैल झाकण एकदाच तीन थेंब देऊन थांबत नाही. पावडर आतल्या हवेतली वाफ शोषते, ती जागा भरायला बाहेरून नवी वाफ आत येते, आणि हे रात्रभर चालू राहतं. सिलिका जेलच्या पुडीचंही गणित यातूनच कळतं. पाच ग्रॅमची पुडी साधारण एक ग्रॅमभर पाणी धरते. झाकण घट्ट असेल तर ती बरेच दिवस पुरते, झाकण सैल असेल तर ती लवकरच भरून जाते आणि मग तिचा काही उपयोग उरत नाही. शिवाय पावडरीत सुटी टाकलेली पुडी मापाबरोबर मशीनमध्ये जाते किंवा लहान मुलाच्या तोंडात. ठेवायचीच असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी. तांदळाचे दाणे टाकायचा सल्लाही बरेच जण देतात. तांदूळ ओल धरतो, पण सोड्याच्या तुलनेत इतक्या सावकाश आणि इतकी थोडी की त्याच्यावर भिसत राहू नये.

हे सगळं एका घरात बसवून पाहू. माझी मावसबहीण डोंबिवलीत राहते, घरात चार माणसं, त्यात दीड वर्षांची नात. मशीन बाथरूममध्ये. आठवड्यातून पाच वेळा मशीन लागतं, एका वेळी सुमारे ६० ग्रॅम पावडर. म्हणजे आठवड्याला ३०० ग्रॅम. ती चार किलोची पिशवी आणायची कारण तिच्यावर सूट असते. चार किलो या हिशेबाने तेरा आठवडे चालतात, म्हणजे जूनमध्ये उघडलेली पिशवी पूर्ण पावसाळा बाथरूममध्ये उघडी. वरचा भाग दुमडून त्याला कपड्यांचा चिमटा लावलेला. ऑगस्टपर्यंत अर्धी पिशवी गोळा झालेली असायची, आणि मिळालेली सूट त्या गोळ्यात जायची.

आता ती पिशवी उघडली की एक किलो पावडर अडीच लिटरच्या डब्यात काढते. सुटी पावडर एका किलोला साधारण दीड ते दोन लिटर जागा घेते, त्यामुळे डबा भरतो आणि आत हवा कमी राहते. उरलेल्या तीन किलोंची पिशवी हवा दाबून काढून, तोंड दोनदा घट्ट दुमडून, रुंद चिकटपट्टीने बंद करते आणि ती झोपायच्या खोलीतल्या वरच्या कप्प्यात जाते. ती महिन्याला जेमतेम एकदा उघडते. बाथरूमजवळ फक्त तीन आठवड्यांपुरता साठा राहतो. इतक्या दिवसांत ढेकूळ व्हायला वेळच मिळत नाही. ज्यांना एवढी उठाठेव नको त्यांनी जून ते सप्टेंबर सरळ एक किलोची पाकिटं घ्यावीत. दहा-वीस रुपये जास्त जातील, पण पावडर वाया जाणार नाही.

डबा निवडताना त्याच्या झाकणाला आतून रबरी किंवा सिलिकॉनची रिंग असावी आणि बाजूला चाप असावेत. तो खरंच बंद होतो का ते पाहायला त्यात अर्धा डबा पाणी भरून, झाकण लावून मोरीत उलटा धरा. थेंब गळला तर तो पावडरीच्या कामाचा नाही. ही परीक्षा घेतल्यावर डबा पूर्ण एक दिवस उघडा सुकवा, रिंग काढून तिच्या खाचेतही बोट फिरवून पाहा, कारण पाणी तिथेच दडून राहतं. ॲल्युमिनियमचा डबा नको. सोडा आणि ओल मिळून ॲल्युमिनियम खातात. बिस्किटांचा पत्र्याचा डबा गंजतो आणि तो गंज पांढऱ्या कपड्यांवर उतरतो. जाड प्लास्टिक सगळ्यात बरं. डबा लादीवर न ठेवता लाकडी फळीवर किंवा कप्प्यात ठेवावा, आणि चमचा डब्यात न ठेवता झाकणाला बाहेरून अडकवावा. पावडर आधी कोरड्या हाताने मापून घ्यायची, डबा बंद करायचा, मग नळ सोडायचा. एवढा क्रम पाळला तरी बरंच काम होतं.

पावडर डब्यात ओतायची की मूळ पाकिटासकट ठेवायची? मी पाकिटासकट ठेवण्याच्या बाजूची आहे. पाकीट कापून तसंच डब्यात उभं करायचं आणि वरून झाकण लावायचं. ओलीला दोन अडसर होतात, पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. आत काय आहे, कोणत्या कंपनीचं आहे, त्यात कोणते घटक आहेत, हे पाकिटावर छापलेलं असतं. उद्या घरातल्या मुलाने मूठभर तोंडात घातली तर डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. पांढऱ्या डब्यातल्या पांढऱ्या पावडरीवरून याचं उत्तर देता येत नाही. पिठीसाखर, मैदा किंवा दुधाची पावडर कधी काळी ज्यात होती तो डबा तर कपड्यांच्या पावडरीसाठी कदापि वापरू नये. घरात पाहुणे आलेले असतात, आजीला नीट दिसत नाही, रात्री वीज गेलेली असते. घोटाळा व्हायला एवढं पुरतं.

झालेल्या ढेकळाचं काय करायचं? फेकू नये, पण मशीनच्या खणातही टाकू नये. ते खणात अडकतं किंवा न विरघळता कपड्यांच्या घडीत बसतं आणि गडद कपड्यावर पांढरा चट्टा सोडतं. लाटण्याने कोरडं ठेचलं तर सोड्याची धूळ उडते आणि नाकाघशाला झोंबते. त्यापेक्षा लागेल तेवढा तुकडा जुन्या मगात घ्यावा, त्यावर अंघोळीइतकं गरम पाणी दोन-तीन पट घालावं आणि अर्धा तास ठेवून ढवळावं. मग ते पाणी बादलीत किंवा मशीनमध्ये ओतावं. हे त्याच दिवशी वापरून संपवावं. रात्रभर ठेवलं तर तळाशी पुन्हा घट्ट थर बसतो, आणि मुख्य म्हणजे साबणाच्या पाण्याने भरलेला मग घरात उघडा राहतो. मगावर मुलाची नजर असते हे विसरू नये.

इथून लिक्विडकडे वळू. लिक्विड सादळत नाही, म्हणून पावसाळ्यात पुष्कळ घरं पावडर सोडून लिक्विडकडे वळली आहेत. पण लहान मूल घरात असेल तर लिक्विड सांभाळायला पावडरीपेक्षा अवघड आहे. पावडर तोंडात गेली की चव लगेच झोंबते, कोरडी पावडर मुलाला फार गिळताही येत नाही. लिक्विड घोटाघोटाने जातं, रंग निळा किंवा गुलाबी असतो, वास फुलांचा किंवा फळांचा. आणि आपल्याकडे ते बरेचदा भलत्याच बाटलीत असतं.

सुटं लिक्विड, सुटं फिनाईल, संडास धुण्याचं ॲसिड विकणारे फेरीवाले आणि दुकानदार आपल्या गावागावांत आहेत. पाच लिटरच्या कॅनमधून ते प्यायच्या पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून देतात. स्वस्त पडतं, म्हणून घेतलंही जातं. निळसर लिक्विड असलेली कोल्ड्रिंकची बाटली मोरीच्या कोपऱ्यात उभी असते, आणि तशीच बाटली मुलाने परवा वाढदिवसाला तोंडाला लावलेली असते. मुलाला बाटलीचा आकार वाचता येतो, लेबल नाही. सुटं घ्यायचंच असेल तर घरून जुनी लिक्विडचीच बाटली न्यावी, आणि ती नसेल तर विकत घेऊ नये. याबाबतीत मला मधला मार्ग मान्य नाही. पाण्याच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवणं हा उपाय नाही. चिठ्ठी ओली होऊन दोन दिवसांत गळून पडते.

लिक्विड पोटात गेल्यावर धोका कुठे असतो हेही कळायला हवं, कारण पहिल्या पाच मिनिटांत आपण काय करतो ते त्यावर ठरतं. साधं कपड्यांचं लिक्विड थोडं गिळलं तर तोंड-घसा चुरचुरतो, मळमळतं, एखादी उलटी होते, आणि बहुतेक मुलं त्यातून बरी होतात. खरी भीती पोटाची नसून फुप्फुसाची आहे. पोटात त्याचा फेस होतो, उलटी होताना तो फेस श्वासनळीत शिरतो आणि फुप्फुसाला सूज आणतो. म्हणून मुलाला बोट घालून किंवा मीठपाणी पाजून उलटी करवणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. भरपूर पाणी पाजणंही चुकीचं, कारण पाणी जास्त म्हणजे फेस जास्त.

ज्या कप्प्यात लिक्विड ठेवतो तिथेच संडास धुण्याचं ॲसिड आणि कपडे पांढरे करायचं ब्लीच ठेवलेलं असतं. ही शेजारी-शेजारी गळणारी बाटल्यांची जोडी घरातल्या कोणालाही त्रासदायक आहे. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो मोठ्या माणसालाही गुदमरवतो. त्यामुळे ॲसिड एका ट्रेमध्ये, ब्लीच दुसऱ्या ट्रेमध्ये आणि दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत, असं ठेवावं. लिक्विडच्या बाटलीखालीही उथळ ट्रे असावा आणि पावडरीचा डबा कधीच लिक्विडच्या खाली नसावा.

लिक्विडची आणखी एक सवय सांगते. बाटली संपत आली की तळ धुऊन काढायला आपण त्यात पाणी घालतो. ते लगेच मशीनमध्ये ओतलं तर ठीक. पण पाणी घातलेली बाटली तशीच ठेवली तर त्यातलं परिरक्षक पातळ होतं, आठवड्या-दोन आठवड्यांत त्याला आंबूस वास येतो आणि तो वास कपड्यांना लागतो. बाटली बाल्कनीत उन्हात ठेवली तर लिक्विड घट्ट होतं किंवा दोन थरांत फुटतं आणि सुगंधही उडून जातो.

अलीकडे मोठ्या शहरांतल्या दुकानांत आणि परदेशातल्या आपल्या नातेवाइकांकडे हमखास दिसतात त्या लिक्विडच्या छोट्या रंगीत कॅप्सूल, म्हणजे पॉड. त्यांच्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. यातलं लिक्विड साध्यापेक्षा खूप दाट असतं, कारण त्यात पाणी फार थोडं असतं. बाहेरचं आवरण पाण्यात विरघळणाऱ्या पातळ फिल्मचं असतं. म्हणजे लाळेतही ते विरघळतं. मुलाने चावलं की दाबाखालचं लिक्विड एकदम घशात उडतं, हातात फोडलं तर डोळ्यात. अमेरिकेत हे पॉड मोठ्या प्रमाणावर बाजारात आले २०१२ मध्ये, आणि २०१२ व २०१३ या दोन वर्षांत तिथल्या विष-माहिती केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या मुलांच्या १७,२३० घटनांची नोंद झाली. त्यानंतर युरोपीय संघाने डबा अपारदर्शक असावा, फिल्म उशिरा विरघळणारी असावी आणि तिला कडू चव असावी असे नियम केले. दमट हवेत या पॉडचा आणखी एक घोळ होतो. ओल्या हाताने डब्यात हात घातला की फिल्म चिकट होते, दोन-तीन पॉड एकमेकांना चिकटतात, सोडवताना फाटतात आणि डब्याच्या तळाला दाट लिक्विडचं थारोळं जमतं. तिथे हात लागलेलं मूल डोळा चोळतं. पाच वर्षांखालचं मूल ज्या घरात आहे तिथे पॉड आणूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. परदेशातून भेट म्हणून आलेले असले तरी.

मुलांना न उघडणारी झाकणं असतात ना, असं बरेच जण म्हणतात. दाबून फिरवायची ती झाकणं. त्यांची परीक्षा कशी घेतात ते पाहिलं की त्यांच्यावर किती विसंबायचं ते ठरवता येईल. अमेरिकी नियमानुसार साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांना बंद बाटली देतात. पाच मिनिटं त्यांनी स्वतः खटपट करायची, मग त्यांना ती उघडून दाखवतात आणि आणखी पाच मिनिटं देतात. दहा मिनिटांत ८० टक्के मुलांना ती उघडता आली नाही तर झाकण पास. म्हणजे पास झालेलं झाकणही पाचातल्या एका मुलाला उघडता येऊ शकतं. शिवाय हे सगळं झाकण पूर्ण बसलेलं असेल तर. लिक्विड ओतताना आट्यांवर ओघळतं, सुकून खवल्यांसारखं जमतं आणि झाकण शेवटची 'टिक' न करता अर्धवट थांबतं. दर पंधरा दिवसांनी आटे कोमट पाण्याने धुऊन, पुसून कोरडे करावेत. झाकण मुलाला थोडा वेळ थोपवतं, एवढंच त्याच्याकडून धरावं.

म्हणून जागा महत्त्वाची. आपल्याकडे ठरलेली जागा म्हणजे सिंकखाली किंवा मशीनच्या बाजूला लादीवर, आणि नेमकी तीच रांगणाऱ्या मुलाच्या हाताच्या उंचीची आणि सगळ्यात ओलसर असते. उपाय म्हणून लोक सगळं पोटमाळ्यावर टाकतात. तो कोरडा असतो आणि मुलाच्या हाताला लागत नाही, हे खरं. पण रोज स्टूल घेऊन चढायला कोण तयार होतं? चार दिवसांनी डबा मशीनवरच राहतो. त्यामुळे जागा अशी हवी की घरातल्या सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाचा हात स्टुलाशिवाय पोहोचेल, म्हणजे साधारण पाच ते साडेपाच फुटांवर. ती दाराच्या कपाटात असावी आणि दाराला वर कडी असावी. खाली स्टूल, पालथी बादली किंवा कपड्यांची टोपली ठेवलेली नसावी, कारण दोन वर्षांचं मूल तिच्यावर चढतं. पाच लिटरचा कॅन मात्र वर ठेवू नये. पाच किलोचं ते ओझं काढताना हातातून सुटलं तर खाली उभ्या मुलाच्या डोक्यावर पडतं. तो खालीच, पण कुलपाच्या कपाटात.

इतकं करूनही एक फट उरते. मुलाच्या हाती साबण लागतो तो बहुतेक वेळा कपाटातून नव्हे, वापरताना. पावडर मापली, तेवढ्यात दाराची बेल वाजली, डबा मशीनवर उघडा राहिला. म्हणून क्रम असा असावा: माप भरा, झाकण लावा, डबा जागेवर ठेवा, कडी लावा, आणि त्यानंतरच मशीन सुरू करा. मशीनचं बटण सगळ्यात शेवटी. लिक्विडचं मोजायचं टोपणही उघडं ठेवू नये, त्यात चमचाभर दाट लिक्विड राहिलेलं असतं. ते मशीनच्या धारेखाली धुऊनच परत लावावं. बाथरूममध्ये भिजत घातलेली बादली असेल तर दाराला बाहेरून कडी हवीच. अर्ध्या बादली पाण्यात लहान मूल बुडू शकतं, मग त्यात साबण असो वा नसो.

मुलाच्या तोंडात काही गेलंय असं दिसलं तर आधी तोंडात राहिलेली पावडर किंवा लिक्विड बोटाला ओलं फडकं गुंडाळून पुसून काढा. मूल शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर तोंड खळखळून घ्या आणि एक-दोन घोट पाणी द्या, त्याहून जास्त नको. लिंबाचा रस, ताक, तेल असा कुठलाही उतारा देऊ नका. डोळ्यात गेलं असेल तर पापणी बोटांनी उघडी धरून वाहत्या पाण्याखाली पंधरा ते वीस मिनिटं डोळा धुवा. मूल रडेल, झटापट करेल, तरी थांबू नका. पावडरीतला सोडा अल्कलीधर्मी असतो आणि तो डोळ्यात राहिला तर बुबुळाला इजा करत राहतो. धुऊन झाल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

खोकला थांबत नाही, श्वासाला घरघर आहे, लाळ गळतेय, पुन्हा पुन्हा उलटी होतेय किंवा मूल गळून गेल्यासारखं झोपाळलंय, यातलं एकही दिसलं तर वाट न पाहता रुग्णालयात न्या. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. पॉड, ॲसिड किंवा ब्लीच असेल तर लक्षणं दिसण्याची वाटच पाहू नका. निघताना बाटली किंवा पाकीट बरोबर घ्या, किती गेलं असेल याचा अंदाज आणि वेळ लक्षात ठेवा. दिल्लीच्या 'एम्स'मधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास सुरू असतं आणि त्याचा मोफत क्रमांक आहे १८०० ११६ ११७. हा क्रमांक ज्या कपाटात साबण ठेवता त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला, कोरड्या जागी, पक्क्या शाईने लिहून ठेवा.